रक्तातले बुडबुडे

माझं अक्षर जुन्या जाळ्यातल्या गाठींसारखं एकमेकांत अडकतं, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमत नव्हतं. पुढे तर शाळाच सुटली. कोणाच्या हाती हे पान लागलं तर त्याने चुकांकडे कानाडोळा करावा. तोंडाने सांगायची मला लाज वाटते, म्हणून लिहिते आहे. दुखणंच अशा जागेचं होतं.

आम्ही ढिवर. गडचिरोलीकडे एका तलावाच्या पाळीला आमचं गाव आहे. मासे धरायचे, पावसाळ्यात धान रोवायला जायचं, असा संसार. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सासू माझ्या पोटाकडे पाहायची आणि सुस्कारा सोडायची, पण बोलायची नाही. तेवढी ती चांगली होती.

एक दिवस आमच्या घरचे, म्हणजे माझा नवरा, अंघोळ करून आले आणि कुजबुजत म्हणाले, "माझी एक गोटी मोठी झाली वं. दुखत नाई, पण दगडावानी लागते."

मी मान खाली घातली. सासूने मात्र आतून ऐकलं होतं. ती म्हणाली, "पाणी भरलं असन. तुह्या बापाले होतं, आज्याले होतं. तुले नाई होईन तं कोणाले होईन?"

खरंच होतं ते. आमच्याकडे डासांचा तो रोग घरोघरी. कोणाचा पाय हत्तीसारखा सुजलेला, कोणाच्या धोतराआड कोहळं. पाळीवर बसलेली म्हातारी माणसं एकमेकांना विचारायची, "तुहं कितीक किलोचं झालं गा?" आणि खो खो हसायची. त्यामुळे आमच्याकडे कोणी घाबरलं नाही. हिवाळ्यात तालुक्याच्या दवाखान्यात पाणी काढायचं शिबिर लागतं, तिथे जाऊ म्हणून आम्ही निवांत राहिलो. दुखत नाही हीच काळजीची गोष्ट असते, हे आम्हाला कोण सांगणार? गाठ वाढत राहिली, आणि हे तलावात उतरत राहिले.

शिबिराच्या दिवशी मी दवाखान्याच्या बाहेर निंबाखाली बसले होते. आत काय झालं ते यांनीच नंतर मला सांगितलं. डॉक्टरांनी खिडकीला पडदा लावून अंधार केला, आणि एकेकाच्या गोटीला मागून बॅटरी लावली. आत पाणी असलं की उजेड आरपार जातो, सगळं लालभडक दिसतं. गठ्ठा असला की उजेड जात नाही.

हे बाहेर आले ते तोंड पाडून. म्हणाले, "सगळ्यायचे कंदील पेटले वं. माहाच विझेल निघाला."

डॉक्टर मागोमाग आले. मला म्हणाले, "बाई, हे पाणी नाही. इथे मी सुई लावणार नाही, चिरा देणार नाही. आजच्या आज चिठ्ठी देतो, नागपूरला जा. थांबू नका." त्यांच्या आवाजात दरडावणं नव्हतं, पण घाई होती.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर बाईमाणूस होती. यांनी तिला पाहिलं आणि पायजम्याची नाडी घट्ट धरली. ती म्हणाली, "भाऊ, रोज दहा जणांना तपासते मी. लाजायचं असेल तर घरी जाऊन लाजा." मग सोनोग्राफी झाली, रक्त काढलं. तिसऱ्या दिवशी तिने आम्हा तिघांना समोर बसवलं. सासूही हट्टाने आली होती.

"हा कॅन्सर आहे," डॉक्टरबाई म्हणाली.

सासूने पदर तोंडाला लावला.

"रडायचं नंतर, आधी ऐका. हा तरण्या पोरांचा कॅन्सर. भराभर वाढतो, पण भराभर वाढतो म्हणूनच औषधाच्या तावडीतही लवकर सापडतो. पोटात, फुप्फुसात पसरला तरी बहुतेक पोरं बरी होतात. बाकीच्या कॅन्सरमध्ये असं बोलायची माझी हिंमत होत नाही. आणि याची चुगली रक्त करतं."

मग तिने रक्ताचा कागद दाखवला. गाठीतून काही पदार्थ रक्तात सुटतात, ते मोजता येतात. एक पदार्थ असा, की जो पोटातल्या बाळाच्या अंगात तयार होतो, मोठ्या माणसाच्या रक्तात नावापुरता असतो. यांच्या रक्तात तो भरमसाट होता. दुसरा पदार्थ दिवस गेलेल्या बाईच्या अंगात असतो. तोही यांच्या रक्तात वाढलेला.

यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे म्याडम, मी गरवार हाव का?"

डॉक्टरबाई हसली. "लघवीची पट्टी लावली असती तर कदाचित तसंच दिसलं असतं."

सासू पदराआडून म्हणाली, "चार वर्षं सुनेकडं पाहून राह्यली मी, अन् दिवस राह्यले तं पोराले!" त्या खोलीत आम्ही चौघंही हसलो. मला अजून त्या हसण्याचं नवल वाटतं.

ऑपरेशन जांघेतून चिरा देऊन केलं. खालून कापलं तर रोग नव्या वाटेने पसरू शकतो, म्हणून वरूनच अख्खी गोटी काढतात. मला एकच विचारायचं होतं, पण जीभ उचलेना. ते नर्सबाईने ओळखलं. ती म्हणाली, "एक राहिली ना, ती दोघींचं काम करते. नवरा नवराच राहील तुझा." मी लाजून संडासाकडे पळाले.

गाठ तपासायला गेली, छातीचा आणि पोटाचा फोटो काढला. फोटो साफ आला. आता फक्त आठवड्याला रक्त द्यायला यायचं. गाठ गेली म्हणजे रक्तातले ते पदार्थ उतरायला हवेत. बायकांचा तो दीड दिवसात निम्मा होतो, बाळाचा तो पाच-सहा दिवसांत निम्मा. असं होत होत जागेवर यायला पाहिजे.

बायकांचा तर बघता बघता जागेवर आला. "मी बाळंत झालो," असं हे एसटीत कंडक्टरला सांगत होते. बाळाचा आकडा मात्र दोन आठवडे उतरला, मग थांबला, आणि पुढच्या वेळी वर चढला.

डॉक्टरबाईने चष्मा काढला. "कुठेतरी बी उरलंय. फोटोत दिसत नाही इतकं बारीक, पण आहे. रक्त खोटं बोलत नाही. औषधाच्या तीन फेऱ्या द्याव्या लागतील."

हे म्हणाले, "म्याडम, मले कायी होऊन नाई राह्यलं. भूक लागते, झोप लागते. फोटो साफ आहे. आता औषध कायले?" आणि उठून चालू लागले. वैशाख लागत होता. तलाव आटला की वर्षाची मासेमारी त्याच दिवसांत होते, ती यांना सोडायची नव्हती.

गावात आल्यावर हे खरंच तलावात उतरले. सासूने समजावलं, मी रडले, काही उपयोग झाला नाही.

एक दिवस मी यांच्यासाठी भाकर घेऊन गेले. तलावात पाणी उरलं नव्हतं, नुसता चिखल. माणसं कमरेत वाकून मरळ शोधत होती. मरळ चिखलात दडून बसते, पण तिला वरची हवा घ्यावी लागते. तिने हवा घेतली की चिखलावर बुडबुडा येतो. बुडबुडे ओळखण्यात हे गावात सगळ्यांच्या पुढे. तरणी पोरं यांच्या मागेमागे फिरायची.

एका ठिकाणी बुडबुडा आला. यांनी हात घातला आणि हातभर मरळ वर काढली. सगळे ओरडले.

मी चार माणसांत नवऱ्याशी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी कसं तोंड उघडलं, माहीत नाही. पाळीवरूनच म्हटलं, "अवो, मासा दिसला होता का तुमाले?"

"मासा कायले दिसन? बुडबुडा दिसला."

"मंग म्याडमले बी बुडबुडाच दिसला ना."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला धरणीत गडप व्हावंसं वाटलं, पण मी पाळीवरून हलले नाही. हे मरळ हातात धरून तसेच उभे. ती फडफडत होती, यांच्या तोंडावर चिखल उडत होता.

"अन् हात घातला अन् साप निघाला तं?" शेवटी हे म्हणाले.

"तं साप काढा लागन. घरात ठेवता का?"

एक म्हातारा हसला, "बाई बोलत नाई बोलत नाई, अन् बोलली तं पाहा!" यांनी मासा टोपलीत टाकला, हात पुसले आणि पाळीवर येऊन भाकर खाल्ली. जेवण झाल्यावर म्हणाले, "उद्या पयली गाडी कितीले हाय?"

पण औषधाला पैसे लागत होते. आमचे मासे घेणारे वडशाचे एक मुसलमान व्यापारी होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. यांनी मान खाली घालून मागितले. चाचांनी गल्ला उघडला. "ब्याज नको. मासे तोलताना थोडं थोडं कापत जाईन. पर सुन बेटा, मरू नको. तू मेला तं माझे पैसे बी मेले."

औषध पाच-पाच दिवस बाटलीतून चालायचं. मूत्रपिंडाला इजा होऊ नये म्हणून त्याच्यासोबत सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या. हे ओकून ओकून चिंधी होऊन जायचे. कानात रातकिडे ओरडतात म्हणायचे. तीन आठवड्यांनी दुसरी फेरी, मग तिसरी. डोक्याचे, मिशीचे, भुवयांचे केस गेले. गावात परतलो तर जो तो विचारायचा, "मुंडन केलं? कोण गेलं गा?"

हे म्हणायचे, "अजून कोणी नाई."

प्रत्येक फेरीआधी रक्त काढायचे. पहिल्या फेरीनंतर आकडा निम्म्याहून खाली आला, दुसरीनंतर काठाला लागला, तिसरीनंतर जागेवर. डॉक्टरबाईने कागद माझ्या हाती दिला. मला आकडे वाचता येतात. मी दोनदा वाचले आणि कागद यांच्या टकलावर मारला. पहिल्यांदाच मारलं मी यांना.

"संपलं नाही हं," डॉक्टरबाई म्हणाली. "आधी दर महिन्याला रक्त, मग लांब लांब, पण काही वर्षं यायचं. परत डोकं वर काढलं तर आधी रक्तच सांगेल, आणि तेव्हाही औषध आहे. आणि दोन वर्षं मूल नको."

आम्ही गेलो. एकदाही चुकवलं नाही. डबा बांधून, सकाळच्या गाडीने. आकडा जागचा हलला नाही. दोन वर्षांनी पाटी कोरी आहे, आता मूल होऊ द्यायला हरकत नाही असं नर्सबाई म्हणाली, आणि पुढच्या वर्षी मुलगी झाली. दिवस गेले का ते पाहायला माझ्या लघवीची पट्टी लावली होती, तेव्हा हे नर्सला म्हणाले होते, "नक्की हिचीच हाय ना? माही बी पाहून घ्या."

चाचा दर तोलाला थोडं कापत राहिले. कधी मासे कमी निघाले की म्हणायचे, "या वक्ती राहू दे." शेवटचा हप्ता आम्ही दोघांनी मुलीला कडेवर घेऊन वडशाला नेऊन दिला.

चाचांनी नोटा खिशात घातल्या आणि म्हणाले, "हिसाब पूरा. अब तू मेला तरी चालते."

"आता कायले मरू चाचा?" हे म्हणाले. "आता तं सारी कमाई माही हाय."