गावानं ठरवलेला खबऱ्या

माझा थोरला भाऊ यासुके जन्मजात संशयी होता. भाजीवाली म्हणाली, "आजचाच मुळा आहे," की तो नख लावून बघायचा. सासऱ्यानं लग्नात दिलेलं घड्याळही त्यानं आधी शेजारच्या गावच्या घड्याळजीला दाखवून आणलं. आई म्हणायची, "हा देवळात गेला तर देव जागा आहे का ते बघून मग घंटा वाजवेल." असा माणूस न्हावी झाला, ही गंमतच. कारण गावातला प्रत्येक पुरुष त्याच्यासमोर मान वर करून, गळा उघडा टाकून, डोळे मिटून बसायचा.

आमचं गाव जपानच्या डोंगराळ मुलखातलं, इना खोऱ्यातलं, तेन्र्यू नदीच्या वरच्या अंगाचं. डोंगरउतारावर तुतीच तुती. भात थोडं; तांदूळ आम्ही विकत आणायचो, रेशीमकिड्यांच्या कोशांच्या पैशातून. मी ओकाया शहरातल्या रेशीम गिरणीत धागा काढायचे. १९३० च्या हिवाळ्याच्या तोंडाशी गिरणीमालकानं आम्हा मुलींना अंगणात उभं केलं आणि सांगितलं की योकोहामाच्या गोदामात रेशमाच्या राशी पडून आहेत, घ्यायला कोणी नाही. ज्या बँकेनं त्या राशींवर उचल दिली होती तिनंच दारं लावली होती. थकलेला पगार मिळाला नाही. गाठोडं घेऊन मी दादाच्या घरी आले आणि दुकानाच्या मागच्या खोलीत राहू लागले. मधे फक्त कागदी दार. दुकानातलं सगळं बोलणं मला ऐकू यायचं.

कोश विकत घेणारा दलाल हिराबायाशी दर पंधरवड्याला दाढीला यायचा. त्या वर्षी त्यानं कोशांना दिलेला भाव आदल्या वर्षीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला होता. दादानं त्याच्या गालाला साबण लावतच विचारलं, "काय हो, बाकीचे दोन हिस्से कोणाच्या खिशात गेले?"

"माझ्या नाही रे बाबा. अमेरिकेत शेअरबाजार कोसळला. तिकडच्या बायकांनी रेशमी मोजे घेणं कमी केलं."

"मोजे?"

"पायातले मोजे. तुमचे किडे तुती खाऊन नाही जगत, यासुके. ते त्या बायकांच्या पोटऱ्यांवर जगतात."

"आणि तुम्ही आमच्या पोटांवर," दादा म्हणाला. दोघंही हसले, पण दादानं वस्तरा उचलल्यावर हिराबायाशीनं एक डोळा उघडाच ठेवला.

शाळेतले ओगुची गुरुजी बाकावर नंबर लावून बसले होते. बारीक, चष्मेवाले, बाह्यांना बायकोच्या हातची ठिगळं. ते म्हणाले, "त्यात आपल्या सरकारनं कमाल केली. बरोबर त्याच वेळी येन पुन्हा सोन्याला बांधला, तोही जुन्या चढ्या दरानं. समजा यासुकेसान, तुमच्या गिऱ्हाइकाची नोकरी गेली आणि त्याच दिवशी तुम्ही हजामतीचा दर वाढवलात. काय होईल?"

"दाढ्या वाढतील."

"तेच झालंय."

तसं खरंच झालं होतं. गावात दाढ्या वाढल्या, बायका घरी कात्रीनं केस कापू लागल्या. भाव पडला म्हणून प्रत्येकानं जास्त किडे पाळले, अगदी झोपायच्या जागेतही. सगळ्या खोऱ्यानं तेच केलं. कोश दुप्पट आले आणि भाव आणखी खाली गेला. तांदूळही स्वस्त झाला होता, पण स्वस्त वस्तू घ्यायलाही हातात नाणं लागतं. आम्ही बार्ली आणि सलगमाच्या पानांवर दिवस काढले. कर जमा होईना, तेव्हा गावकचेरीनं शिक्षकांचे पगार थांबवले आणि वर त्यांनाच सांगितलं, गावासाठी थोडा त्याग करा.

मग लोक विचारायला लागले, हे केलं कोणी?

या प्रश्नाचं उत्तर गुरुजींकडे होतं, पण ते लांबलचक होतं. ते म्हणायचे की एकाची खरेदी म्हणजे दुसऱ्याची कमाई. अमेरिकेनं आपला पैसा परत ओढला तेव्हा व्हिएन्नाची बँक बुडाली, तिच्यामागं जर्मनीच्या बँका, मग इंग्लंडला आपल्या पौंडाची सोन्याशी बांधलेली गाठ सोडावी लागली. प्रत्येक देश आपलं दार लावतो आणि दार लावल्यानं सगळेच कोंडले जातात. यात एक कोणी चोर नाही, ही रचनाच बदलायला हवी. तरुण शिक्षकांना जमवून ते यावर पुस्तकं वाचायचे.

दुसरं उत्तर कुमागाई सार्जंटचं. हा निवृत्त फौजी, गावातल्या माजी सैनिकांचा पुढारी. आवाज मोठा, मन वाईट नव्हतं. त्याच्या पुतणीला नागोयाच्या कुठल्याशा घरी पाठवावं लागलं होतं, आणि ती कसल्या घरी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. इंग्लंडनं सोनं सोडलं तेव्हा टोकियोच्या मोठ्या पेढ्यांनी ओळखलं की आता येनही घसरणार. त्यांनी धडाधड डॉलर घेतले. येन खरंच घसरला, आणि त्यांनी बक्कळ कमावलं. पेपरात हे आलं त्या दिवशी कुमागाई पेपर नाचवतच दुकानात शिरला आणि खुर्चीत बसूनही नाचवत राहिला.

"हे बघ! रचना म्हणे रचना! हे चोर आहेत, नावागावासकट! दोन्ही पक्षांचे पुढारी यांच्याच ताटाखालची मांजरं. पोरी आमच्या विकायच्या आणि डॉलर यांनी घ्यायचे!"

दादा म्हणाला, "सार्जंट, मान हलवू नका, कापेल."

"तू कुणाच्या बाजूचा?"

"ज्याच्या गळ्यावर वस्तरा असेल त्याच्या."

सगळे हसले. कुमागाई हसला नाही.

त्याच, १९३१ च्या शरदात चीनच्या ईशान्येला, मांचुरियात, आपली फौज घुसली होती. ज्या बाकावर आदल्या वर्षी भावाची रडगाणी चालायची त्या बाकावर आता नकाशे उलगडले जाऊ लागले. पुढच्या वर्षी आधी एक माजी अर्थमंत्री मारला गेला, मग एका मोठ्या पेढीचा प्रमुख, आणि वसंतात तरुण नौदल अधिकाऱ्यांनी घरात शिरून पंतप्रधानांनाच गोळ्या घातल्या. मला वाटलं होतं दुकानात शांतता पसरेल. उलट कोणीतरी म्हणालं, "पोरं गरिबांची आहेत बिचारी." आणि बरेच जण हुंकारले. दादा मला मागच्या खोलीत येऊन हळूच म्हणाला, "मित्सुए, खून करणाऱ्याचं कौतुक चाललंय, म्हणजे आता कोणावरच भरवसा नको."

काही दिवसांनी हवालदार आला. दाढी करून घेतली, पैसेही दिले, ही पहिली शंकेची गोष्ट. जाता जाता म्हणाला, "गुरुजी काय काय बोलतात हो इथं?"

"बोलतात की. भाव पडले म्हणतात."

"तेवढंच?"

"तुम्ही काय म्हणता, भाव पडले नाहीत?"

हवालदार निघून गेला. पण तो दुकानात बराच वेळ बसला होता हे समोरच्या तोफूवालीनं पाहिलं होतं.

१९३३ च्या फेब्रुवारीत, बर्फ पडत असताना, गुरुजींना शाळेतूनच धरून नेलं. आमच्या प्रांतात त्या आठवड्यांत शिक्षकांची धरपकडच चालली होती. सगळे लाल, म्हणजे कम्युनिस्ट, ठरवले गेले. पण गावाला प्रांताशी काय घेणं? गावाला आपल्यातला एक माणूस हवा होता. तोफूवाली म्हणाली, हवालदार न्हाव्याकडे बसला होता. झालं. गुरुजींची मित्रमंडळी दाढीला येईनाशी झाली. गुरुजींच्या बायकोनं मी नेलेलं लोणचं उंबऱ्यावरूनच परत केलं. "तुमच्या घरचं नको," एवढंच म्हणाली. मजा म्हणजे कुमागाईची मंडळीही बिचकली. जो एकाची बातमी देतो तो आपलीही देईल.

मी दादाला म्हटलं, "अरे, सांग ना सगळ्यांना, मी काही बोललो नाही म्हणून!"

"सांगितलं तर म्हणतील, बघा, सफाई देतोय."

उन्हाळ्यात पंतप्रधानांच्या मारेकऱ्यांवर खटला उभा राहिला आणि देशभर दयेच्या अर्जांचा पूर आला. कुमागाई अर्ज घेऊन दुकानात आला. सह्या रक्तानं करायच्या होत्या.

"यासुके, तुझा वस्तरा दे. आणि पहिला अंगठा तुझा. मग बघ, उद्यापासून तुझं दुकान भरतं की नाही. मी स्वतः सांगेन, हा माणूस आपला."

मी दाराआडून पाहत होते. दादाची मुलं दोन्ही वेळा नुसती पेज पीत होती. मला वाटलं, दे, देऊन टाक, एक थेंब तर आहे.

दादानं विचारलं, "हे सुटले तर कोशाचा भाव वाढेल?"

"हा भावाचा प्रश्न नाही!"

"मग तीन वर्षं तुम्ही भावाचंच का बोलत होता?"

कुमागाईचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तूही लालच!"

"पोलिसांचा खबऱ्या आणि लाल, दोन्ही मीच? एक काहीतरी ठरवा, सार्जंट."

कुमागाई निघून गेला. त्यानंतर गिऱ्हाइक उरलं नाही. दादा वस्तरे पोत्यात बांधून दूरच्या धरणाच्या कामावर मजुरांच्या हजामती करायला जायचा, महिन्याकाठी घरी यायचा.

गुरुजी सुटून आले ते वेगळेच होऊन. आपण चुकलो असं लिहून देऊन आले होते; शाळा गेलीच होती, पुढं काही वर्षांनी त्यांना लोकांना परमुलखात वसवणाऱ्या, प्रांताच्या स्थलांतर कचेरीत काम मिळालं. तोवर येन घसरून आपलं सुती कापड जगभर खपू लागलं होतं, म्हणून हिंदुस्थानापासून सगळीकडे त्यावर जबर जकात बसली. गुरुजींचं जुनंच वाक्य आता नव्या शेवटानं यायचं: सगळ्यांनी दारं लावली आहेत, म्हणून आपल्याला आपलं अंगण हवं. मांचुरियात.

एक दिवस, दादा घरी आलेला असताना, ते दुकानात आले आणि खुर्चीत बसले. दादानं साबण लावला. गुरुजी म्हणाले, "तुम्ही नव्हतात. माझं नाव त्यांना दुसऱ्या गावच्या शिक्षकाकडून मिळालं. मला चौकशीतच कळलं होतं."

दादाचा हात थांबला. "गावाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर विचारलं असतं, मग तुम्ही कोणाची नावं दिलीत?"

दादानं दाढी पूर्ण केली, नेहमीसारखी, कानामागंही. मग गुरुजी उत्साहानं सांगू लागले: तिकडे प्रत्येक घराला इथल्या दसपट जमीन, काळी, नांगरलेली, चला तुम्हीही.

"नांगरलेली?" दादा म्हणाला. "मग नांगरली कोणी?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "सरकारनं विकत घेतली आहे."

"विकणारा आता कुठं राहतो?"

गावातली जवळपास निम्मी घरं मांचुरियाला गेली. गुरुजी सहकुटुंब गेले, कुमागाईचा मुलगाही. १९४५ च्या ऑगस्टमध्ये रशियन फौजा उतरल्या तेव्हा आपली फौज आधीच मागं सरकली होती, आणि ज्यांची जमीन होती ते लोक रस्त्यांवर उभे होते. परत आलेल्यांत गुरुजींची बायको होती, एकटी.

तिला राहायला घर नव्हतं. दादानं तिला दुकानामागची माझी खोली दिली; मी तोवर सासरी गेले होते. ती तिथं सात वर्षं राहिली. गुरुजींनी तिला खरं काय ते कधी सांगितलं होतं की नाही, हे दादानं विचारलं नाही, आणि मी विचारू लागले तेव्हा त्यानं मला डोळ्यांनीच गप्प केलं. ती मात्र दर सकाळी दुकानाचं अंगण झाडायची, आणि दादा बाहेर आला की वाकून नमस्कार करून आत निघून जायची.