भिंगरीने बाहेरून आणलेले दोन शब्द

माझा भाचा स्थिर बसलेला मी फक्त झोपेत पाहिला आहे, आणि तेव्हाही त्याचा अंगठा हलत असतो. दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे त्याचं. पुढे गॅरेज, मागे दोन खोल्या, मध्ये एक दार, ते कधी बंद नसतं. जेवतानाही अर्धा कान बाहेर. कुणाची किक बसत नसली की हा घास तोंडात ठेवून उठलाच. त्याची बायको होती तेव्हा ती शर्टाला धरून त्याला खाली बसवायची. ती गेली, आणि आता त्याला बसवणारं कुणी नाही.

मागे राहिली मुलगी. ती बापावर गेलेली, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणतात. सकाळी बालवाडी, दुपारपासून गॅरेज. एका उलट्या टायरवर बसून ती नट-बोल्ट वेगळे करते आणि कान टवकारून ऐकत राहते. तिथे ऐकायला पुष्कळ असतं.

गॅरेज म्हणजे काही देवघर नव्हे. नट घसरला की माणसाच्या तोंडून 'आयला' जातंच. भिंगरीनेही ते एकदा दूध सांडल्यावर म्हटलं होतं. तेव्हा भाच्याने मलाच विचारलं होतं, "आत्या, ही शिवी का गं?" मी म्हटलं, अरे, त्याआधी 'तुझ्या' लागलं की ते समोरच्याच्या आईवर जातं, ती शिवी. नुसतं दुधाला म्हटलं तर कुणाच्या अंगाला लागत नाही, पण मुळं तीच आहेत, म्हणून मोठ्यांसमोर नको. त्याने हे गॅरेजात जाऊन जसंच्या तसं सांगितलं. तेव्हापासून कोपरापर्यंत ग्रीस माखलेले दांडगे गडी नट घसरला की "आईगं" म्हणतात. ऐकायला मोठी मौज असते.

तरी हे एवढं सांभाळूनही त्याच्या सासूबाईंचं समाधान नव्हतं. गॅरेजात मुलगी वाढवायची नाही, असं त्यांचं पहिल्यापासूनचं म्हणणं. वाईट बाई नव्हे हो. त्यांची लेक गेली, आणि नातीत त्यांना लेक दिसते. "तिच्या तोंडी एक जरी वाईट शब्द आला ना, जावईबापू, मी तिला उचलून घेऊन जाईन," हे त्यांनी माझ्यासमोर बजावलं होतं. भाचा "हो आई" म्हणाला होता. त्याच्या जागी मी असते तर एवढ्या चटकन 'हो' म्हटलं नसतं. पण तो सासूपुढे नेहमीच आरोपीसारखा उभा राहतो.

त्या रविवारी या विहीणबाई आल्या त्या नवा चष्मा घालून. मोठ्या काचांचा, कडेला सोनेरी. भिंगरी धावत आली, थबकली, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाली,

"आजी! तू फटाकडी दिसतेस!"

विहीणबाई एवढ्या खूश झाल्या की विचारू नका. "अगं लबाडे!" म्हणून त्यांनी तिला उचललं, वर माझ्याकडे बघून "ऐकलंत ना?" भाचाही हसला. मला हसू आलं नाही. शब्द कुठून आला ते विचारणार, तेवढ्यात पुढचं घडलं.

भाचा चहाचं पातेलं उतरवत होता. चिमट्यात ते कललं, झाकण खणखणत फरशीवर फिरत गेलं. आणि कडेवरून भिंगरी अगदी जाड आवाजात म्हणाली,

"मुडद्या, नीट धर की!"

झाकण फिरायचं थांबलं, मग सगळंच थांबलं. विहीणबाईंनी पोरीला खाली ठेवलं. चेहरा पांढराफटक.

"काय म्हणाली ही? बापाला? या घरात?"

"आई, ते वस्ताद म्हणतात मला... म्हणजे आमच्यात..." भाच्याला पातेलं कुठे ठेवावं तेही सुचेना. एकदा ओट्यावर, एकदा स्टुलावर.

"तुमच्यात असेल! माझी पोर जाऊन वर्ष व्हायचंय अजून, आणि तिच्या लेकीच्या तोंडी मढ्याची भाषा! कपडे भरा तिचे. मी घेऊन जाणार म्हणजे जाणार."

भिंगरीला एवढंच कळलं की आपण काहीतरी मोठं केलं. ती कपाटाला पाठ लावून उभी राहिली, बोटं तोंडात. भाच्याने तिच्याकडे बघितलं आणि त्याचा हात उठला. मी म्हटलं, "खबरदार. मारलंस तर तो शब्द तिच्या डोक्यात कायमचा बसेल. आणि हसूही नकोस. दोन्हीचा परिणाम सारखाच होतो."

"मग करू काय आत्या?" तो जवळजवळ ओरडलाच. "त्या घेऊन चालल्या माझ्या पोरीला!"

त्याचं खरं होतं. त्याच्याकडे पोर सोडून दुसरं काही नव्हतंच. म्हणून मी विहीणबाईंना खुर्ची दिली, दिली म्हणजे जवळजवळ बसवलंच, आणि म्हटलं, शब्द कुठला ते आधी नीट बघू, शिक्षा मग ठरवा.

'मुडद्या' शब्द कानाला भयंकर. पण आपल्या भाषेत म्हाताऱ्या माणसांनी मेल्या, मुडद्या, गाढवा, टोणग्या म्हणत किती पोरं वाढवली असतील! मेलं कुठलं, येडं कुठलं, यात राग असतो तितकाच जीवही असतो. वस्ताद म्हणजे त्याच्या गॅरेजातले म्हातारे फिटर. त्यांनी याला पाना धरायला शिकवला. ते याला "मुडद्या" म्हणतात, हा "आलो म्हाताऱ्या" म्हणतो. म्हणणारा मोठा, ऐकणारा धाकटा, तोंडावर म्हटलेलं, आणि ऐकणाऱ्याला उलट बोलायची मुभा. एवढं असलं की शब्द कितीही काळा असो, तो लाडाचा. पण 'मुडद्या' खालून वर जात नाही. वस्ताद याला म्हणू शकतात, मुलगी बापाला नाही. आणि जिथे नुकतंच माणूस गेलं आहे तिथे तो मुळीच खेळकर राहत नाही, हेही मी त्याला सुनावलं. तिथे विहीणबाईंचंच बरोबर होतं.

"म्हणजे शिवी नाही म्हणता?" विहीणबाईंनी नाक पुसलं.

"शिवी नाही. चुकीच्या घरात, चुकीच्या तोंडी आलेला शब्द. समजावलं की जाईल."

भाच्याचे खांदे उतरले. जिंकलोच, असं त्याच्या चेहऱ्यावर उमटलं. आणि इथेच मी गप्प बसले असते तर सगळं मिटलं असतं. पण माझा स्वभाव मेला तसा नाही.

"आणि दुसरा शब्द?" मी म्हटलं.

"कुठला?"

"फटाकडी."

"अहो, ते तर कौतुक केलं तिने!" विहीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात चष्म्याकडे गेला.

भाच्याला मात्र झटक्यात कळलं. तो रस्त्यावर वाढलेला माणूस, त्याने हा शब्द कुठल्या नजरेने बोलतात ते पाहिलं होतं. आता तो गप्प राहू शकला असता. सासूबाई खूश होत्या, पोर त्याचीच राहणार होती. तो माझ्याकडे बघत राहिला, पँटला हात पुसत राहिला. मग भिंगरीसमोर उकिडवा बसला. ओरडला नाही. ग्राहकाला "गाडी कधीपासून आवाज करतेय?" विचारतो त्याच आवाजात विचारलं,

"फटाकडी कोण म्हणालं गं, बाळा?"

ती बोटं तोंडातून काढेना.

"बरं, कुणाला म्हणालं?"

"नर्सबाईला."

या नर्सबाई दर महिन्याला स्कूटरचा ब्रेक घट्ट करायला येतात.

"मग नर्सबाई हसल्या?"

"त्या नव्हत्याच. स्कूटर गेली, मग म्हणाला."

"मोठ्याने?"

भिंगरीने मान हलवली आणि तोंडाच्या कोपऱ्यातून, अगदी हळू, जीभ किंचित बाहेर काढून म्हणून दाखवलं. त्या चिमुरड्या तोंडावरचं ते हसू दुसऱ्याच कुणाचं होतं.

"वस्ताद हसले?"

"नाही. त्यांनी पाना आपटला. मामाला म्हणाले, ऊठ इथून."

मामा! म्हणजे विहीणबाईंचाच मुलगा. दुपारी जेवण झालं की भाचीला बघायला म्हणून गॅरेजात येऊन बसतो. भिंगरीला घेऊन जायचं होतं ते त्याच घरी.

भाच्याने मान वर केली नाही. मला वाटतं, सासूबाईंना हे असं कळावं अशी त्याची खरंच इच्छा नव्हती. विहीणबाई म्हणाल्या,

"गमतीत म्हणाला असेल तो."

"आई, वस्तादसुद्धा गमतीतच म्हणतात," भाचा म्हणाला. हळू म्हणाला, पण म्हणाला. सासूला उलट उत्तर दिलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"गंमत कुणाची, विहीणबाई?" मी म्हटलं. "जिच्याबद्दल बोलायचं ती निघून जाईपर्यंत थांबावं लागतं, आवाज खाली आणावा लागतो, त्यात तिची गंमत कुठे आली? हा शब्द त्याने नर्सबाईंच्या तोंडावर म्हणून दाखवावा. दाखवेल?"

त्या उठल्या. वाटलं, आता फटकन निघून जातील. पण त्या नातीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"मग मला का म्हणालीस गं?"

"तू छान दिसत होतीस," भिंगरी म्हणाली. "मामा हसत होता, म्हणून मला वाटलं चांगलं असेल."

विहीणबाईंनी चष्मा काढून हातात धरला. "आज नाही नेत," त्या म्हणाल्या. "आज, असं म्हणतेय. मी त्याच्याशी बोलते आधी." आणि चहा न घेता गेल्या.

मामाला भाच्याने दारातच, गॅरेज आणि घराच्या मध्ये उभं राहून फोन केला. "भेटायला ये, पण गॅरेजात बसायचं नाही... हो, एवढ्यावरून. एवढंच मोठं आहे." पलीकडून बराच वेळ काहीतरी चाललं होतं. हा येरझाऱ्या घालत ऐकत होता, मग त्याने बोलणं अर्ध्यावर तोडलं.

रात्रीपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, पोरीला आत्ताच सांग, नाहीतर ती उद्या बालवाडीत बाईंनाच म्हणेल. त्याने तिला उलट्या टायरवर बसवलं आणि अडखळत सुरुवात केली.

"मुडद्या नाही म्हणायचं. वस्ताद मला म्हणतात, ते मोठे आहेत. आणि आजीला त्या शब्दाने आईची आठवण येते."

"बरं."

"आणि फटाकडी कुणालाच नाही. मोठ्यांनी नाही, लहानांनी नाही, गमतीतसुद्धा नाही. ज्याला म्हणतात त्याला ऐकून कसंतरी होतं."

"मामाला कसंतरी नाही झालं."

"म्हणणाऱ्याला नाही होत, बाळा. तीच तर पंचाईत आहे."

तिने एक नट बोल्टवर चढवला, काढला. "मग नर्सबाई छान दिसल्या तर?"

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. बाप तो आहे.

"तर छान दिसता म्हण," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर म्हण. मोठ्याने."

तिने ते नीट ध्यानात ठेवलं. नर्सबाई पुढे ब्रेकसाठी आल्या, तेव्हा भिंगरी टायरवर उभी राहून सगळ्या गॅरेजाला ऐकू जाईल अशी ओरडली, "नर्सबाई, तुम्ही छान दिसता! बाबा म्हणाले, मोठ्याने सांग!" वस्तादांना खोकला आला. माझा भाचा स्कूटरखाली होता, तो तिथून बाहेर यायलाच तयार नव्हता.