तो शेवट मीच फोडला

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांचा गेल्या महिन्यापर्यंत समज होता की त्या सिनेमाचा शेवट आमच्या फुलवाल्या मित्राने फोडला. त्याने फोडला नाही. मी फोडला. आळ त्याच्यावर घातला तोही मीच. हे दोन वाक्यांत सांगून मोकळं होता येईल, पण मग ते कसं झालं हे कोणाला कळणार नाही, आणि मला ते नीट सांगायचं आहे.

आम्ही तिघं एका वर्गातले. एक नोकरीनिमित्त अकोल्याला गेला आणि तिथेच राहिला. मी अमरावतीत, पेन्शनर. तिसरा शहराबाहेर दोन एकरांत झेंडू आणि शेवंती लावतो आणि पहाटे बाजारात स्वतः बसतो. अकोल्याचा मित्र आणि मी सिनेमाचे वेडे, शाळेत असल्यापासून. त्याचा एक नेम होता: पिक्चरची गोष्ट आधी कोणी सांगितली की तो त्या माणसाशी आठवडाभर बोलत नसे. ट्रेलरसुद्धा तो अर्धा पाहून बंद करायचा.

चार वर्षांपूर्वी एक सिनेमा आला. त्याचा पहिला भाग जिथे संपला तिथे पुराच्या पाण्यातून एक हात वर येतो, नावेची कड धरतो आणि पडदा काळा होतो. हात कोणाचा? मित्राचं म्हणणं, वाहून गेलेल्या नवऱ्याचा. मी म्हणालो, सासूचा. ग्रुपवर चाळीस म्हातारे माझ्यावर हसले. "तुले घरची सासू आठवून राहिली काय बे?" असं एकाने लिहिलं, आणि तेच पुढे दोन वर्षं चाललं. मित्राशी फोनवर हाच वाद दर आठवड्याला. तो म्हणायचा, "सासू पोहून येते काय बे एवढ्या पुरात?" मी म्हणायचो, "येते. तू पाहून घे."

दुसरा भाग दोन वर्षांनी, हिवाळ्यात लागला आणि नेमकं त्याच आठवड्यात मित्राच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. एक डोळा आधी, दुसरा दहा दिवसांनी. डॉक्टर म्हणाले, धूळ नको, गर्दी नको, थिएटर तर नकोच. म्हणजे तीन आठवडे. त्याने मला फोन केला.

"तू थांबशीन ना गड्या?"

"थांबतो ना. अकोल्याले येतो. दोघं संगच पाहू."

"आन् कोणी काही सांगतलं त मी मरतो पाह्य."

मी थांबतो म्हणालो. आणि पहारा द्यायचंही माझ्याकडे घेतलं. त्याच्या नातीकडून त्याच्या फोनवरचं फेसबुक काढून टाकलं. यूट्यूबवर जुनं पाहिलेलं सगळं पुसून इतिहास बंद केला की पहिलं पान कोरं राहतं, ते तिने केलं, कारण त्या छोट्या चित्रांवरच मोठ्या अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं. राहिला आमचा ग्रुप. मी ग्रुपचा अ‍ॅडमिन. मी सेटिंगमध्ये जाऊन ग्रुपला कुलूप लावलं: मेसेज फक्त अ‍ॅडमिनने टाकायचे. शुभ सकाळसुद्धा माझ्याकडूनच. लोक मला वेगवेगळे मेसेज करून शिव्या द्यायला लागले. "काहून बे, आणीबाणी लावली काय?" मी उत्तर देत नसे.

पण माझी स्वतःची गत काय झाली ते कोणी विचारलं नाही. सकाळी बागेत फिरायला गेलो की दोन बाकांवर तोच विषय. मी वळसा घालून दुसऱ्या दाराने बाहेर. ऑटोत बसलो तर ऑटोवाल्याच्या फोनवर त्याच पिक्चरचे रील. कोणीतरी थिएटरमधला पडदा मोबाईलवर टिपून टाकलेला. मी डोळे मिटून "बंद कर बापा" म्हणालो, तर तो म्हणाला, "काका, तुमचं डोकं दुखून राहिलं काय?" एका बातमीखाली हवामान वाचायला गेलो आणि पहिल्याच प्रतिक्रियेत कोणा पोट्ट्याने शेवट लिहून ठेवलेला. अर्धं वाक्य वाचून मी फोन पालथा टाकला. त्या अर्ध्या वाक्यात कोणाचं नाव नव्हतं. पुढचे दोन दिवस ते वाक्य माझ्या डोक्यात भुणभुणत राहिलं.

फुलवाल्याने पहिल्याच दिवशी पाहिला होता. तो घरी आला, हातात शेवंतीची जुडी. त्याचा चेहरा बघूनच मी दोन्ही कानांत बोटं घातली. तो हसला.

"सांगत नाई बे. बोटं काढ. म्या कोणालेच नाई सांगतलं. बायकोलेबी नाई."

"तुया पोटात राहते काय?"

"राहून राहिलं ना! पोट फुगून राहिलं, पण राहून राहिलं."

चहा पिऊन तो गेला. सबंध वेळ पिक्चरबद्दल एक शब्द नाही. तो बोलघेवडा म्हणून आमच्यात प्रसिद्ध. त्यालाच हे जमलं. मला मात्र जमलं नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी मी बायकोला बँकेत पेन्शनचं काम आहे म्हणून सांगितलं आणि सकाळच्या शोला जाऊन बसलो. एकटा. कारण विचाराल तर वैताग. इतकं कशासाठी पळायचं, बागेतून, ऑटोतून, स्वतःच्या फोनपासून? आणि मनात असंही होतं की एकदा पाहून घेतो, मित्राबरोबर पुन्हा पाहीन, त्याला काय कळतं.

हात सासूचा होता.

मी खुर्चीतून जवळजवळ उठलोच. शेजारच्या पोरीने माझ्याकडे बघितलं. दोन वर्षं चाळीस माणसं हसली होती. बाहेर आलो आणि पायऱ्यांवर उभा राहून स्टेटस टाकलं: "दोन वर्षं हसलात. शेवटी मीच बरोबर निघालो." गोष्टीचं एक अक्षर नाही, सिनेमाचं नाव नाही. तरी खबरदारी म्हणून मित्राचा नंबर वगळून टाकलं. तशी सोय असते, या या माणसांना दिसू नये म्हणून. मी स्वतःच्या हुशारीवर खूष होतो.

वहिनींचा, म्हणजे मित्राच्या बायकोचा, नंबर वगळायचं माझ्या डोक्यात आलं नाही. मित्राच्या डोळ्यांत दर काही तासांनी थेंब घालून झाले की तो डोळे मिटून पडायचा आणि वहिनी त्याला त्यांच्या फोनवरचं वाचून दाखवायच्या. कोणाचा वाढदिवस, कोणाच्या घरी काय. त्यात त्यांनी माझं स्टेटस वाचलं. त्यांना त्याचा अर्थ कळायचं कारण नव्हतं. जगात एकाच माणसाला त्या वाक्यातून अख्खा शेवट कळणार होता आणि तो डोळे मिटून ते ऐकत होता.

अर्ध्या तासाने मी स्टेटस कोणी पाहिलं ते बघितलं. यादीत वहिनी. लगेच पुसलं. तेवढ्यात फोन.

"सासू काय बे?"

मी "हॅलो, हॅलो" करून आवाज येत नसल्याचं दाखवलं.

"अबे सासूच ना? मीच बरोबर म्हणजे दुसरं काय?" आणि मग, "तू पाह्यला?"

इथे मी खरं बोललो असतो तर त्याने आठवडाभर अबोला धरला असता. त्यापलीकडे काय झालं असतं? पण मी म्हणालो, "नाई गड्या. तुले सोडून पाहीन काय? फुलवाल्यानं सांगतलं. घरी येऊन सगळं सांगून गेला. मले राहवलं नाई, आनंदात टाकून देल्लं."

"तू नाई पाह्यला ना? मंग ठीक हाये," तो म्हणाला. मग फुलवाल्याला एक कचकचीत शिवी दिली. मी तिला होकार दिला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण खोटं बोललं की ते पक्कं करावंसं वाटतं. त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं की एका सदस्याने तोंडावर ताबा न ठेवल्यामुळे आजारी मित्राचा आनंद गेला, आपलं वय काय, वागणं काय. नाव लिहिलं नाही, पण पहिल्या दिवशी पाहून आलेला आमच्यात एकच होता. आणि ग्रुपला कुलूप होतं. तो उत्तर देऊच शकत नव्हता. ज्याने शब्द पाळला त्याचं तोंड मी सेटिंगमधून बांधलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो ग्रुपमधून बाहेर पडला. हल्ली कोणी बाहेर पडलं की सगळ्यांना सूचना जात नाही, फक्त अ‍ॅडमिनला जाते. ती मला आली. मी ती वाचली आणि फोन खिशात ठेवला.

पुढे ठरल्याप्रमाणे मी अकोल्याला गेलो. मित्र काळा चष्मा लावून थिएटरात बसला. मध्यंतरात म्हणाला, "चाल, आता सासू येईन." शेवटी ती आली तेव्हा मी "अरे!" म्हणून उडालो. तो माझ्याकडे वळला नाही, घड्याळ पाहत होता. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली तो हात वर आला आणि त्याला जांभई आली.

फुलवाल्याशी मित्राने बोलणं टाकलं. फुलवाल्याच्या मुलीच्या लग्नालाही तो अकोल्याहून आला नाही. मी गेलो, जेवलो, आहेर दिला. फुलवाला मला "या" म्हणाला, आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे वळला.

गेल्या महिन्यात मी पहाटे बाजारात त्याच्याकडे गेलो. तो झेंडूच्या ढिगामागे बसून माळा मोजत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने मोजणं थांबवलं नाही.

"मले काहून सांगून राहिला? मी नाई सांगतलं हे मले तवाच माहीत होतं."

"माफी मागाले आलो."

"माफी इथं या झेंडूले देऊन काय करतं? ज्यायच्यापुढं बोल्ला त्यायच्यापुढं बोल. आन् आधी थ्या ग्रुपचं कुलूप काढ. लोकायले बोलू दे तुले."

दोन वर्षं मी ते कुलूप काढलंच नव्हतं. कोणी बोलेल या धास्तीने. घरी येऊन काढलं आणि वर जे लिहिलं तेच थोडक्यात ग्रुपवर टाकलं. तासाभरात माझी सालटी निघाली. ती निघायला हवी होती. अकोल्याच्या मित्राने मेसेज वाचल्याचं दिसत होतं. त्याने लिहिलं मात्र काही नाही. संध्याकाळी फोन आला.

"सासूचं जाऊ दे," तो म्हणाला. "तू एकटा गेल्ता?"

"हो."

"मी डोळ्यात थेंब घालून पडलो होतो बे." आणि मग, "त्याच्या पोरीच्या लग्नाले मी गेलो नाई. तुयाच्यामुळं."

फोन त्याने ठेवला. परवा तो एकटाच बसने अमरावतीला आला आणि थेट बाजारात फुलवाल्याकडे गेला, हे मला दुसऱ्याकडून कळलं. माझ्याकडे तो आला नाही.

फुलवाल्याला मी ग्रुपची लिंक पाठवली आहे. त्याने ती पाहिली. अजून आत आलेला नाही.