दोघांच्या नावावरचं घर

मी विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करतो. जळालेलं, पडलेलं, वाहून गेलेलं बघायचं, कशानं झालं ते ठरवायचं आणि अहवाल द्यायचा, एवढंच माझं काम. मी अमरावतीचा, त्यामुळे जवळच्या वलगावचं जळालेलं घर माझ्याकडे आलं.

घरमालक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. बायको जाऊन फार काळ झाला नव्हता. दाव्यात कारण लिहिलं होतं, शॉर्ट सर्किट. समोरची खोली आणि मधली खोली पार जळाली होती. मागची तेवढी वाचली होती. मुलगा अंगणात बाजेवर बसून होता, दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या. वय तिशीच्या आतबाहेर.

"इझवाले गेला अन् भाजला," घरमालक काका म्हणाले.

मी आधी मीटर पाहिला. तो शाबूत होता. मेन स्विचही. पण समोरच्या खोलीत दिवाणाखालची फरशी तडकून उडालेली, आणि मधल्या खोलीत कपाटाच्या पायथ्याशी तसंच. मधल्या दाराच्या चौकटीला मात्र नुसती धग लागली होती. म्हणजे आग एका खोलीतून दुसरीत गेली नव्हती. दोन्ही ठिकाणी वेगवेगळी लागली होती. कपाटामागच्या राखेला अजून पेट्रोलचा वास येत होता.

काका मला मागच्या खोलीत घेऊन गेले. "हे भिंत पाहा. आगीनं तडकली."

भेगेत जुनी माती भरलेली होती, कोळ्याची जाळी होती. धुराचा मागमूस नव्हता.

"काका, ही भेग जुनी आहे. घर वापरून, वयानं जे झिजतं, तडकतं, त्याचे पैसे विम्यात मिळत नाहीत."

"मंग काय भेटते?" ते चिडले. "युद्धाचं नाई, झिजल्याचं नाई. पॉलिसी घेतली तवा मी हासलो होतो. म्हनलं, वलगावात कोन येते युद्ध कराले?"

मी विचारलं, "आग लागली तेव्हा घरात कोण होतं?"

दारातून मुलाचा आवाज आला.

"मीच लावली, साहेब. लिहून टाका."

"हा भैताड हाये, याचं आयकू नोका!" काका ओरडले. "डोकं ठिकान्यावर नाई त्याचं."

"बाबा, राहू द्या आता." तो उंबऱ्यावरच बसला. "घर इकू म्हनलं, धंद्याले पैसा होईन. हे म्हनत, तुह्या मायनं बांधलं. रोजचे भांडनं. त्या दिवशी म्हनलं, घरच नाई राहालं तं?" मग तो पट्ट्यांकडे बघत म्हणाला, "पेटल्यावर मायचे लुगडे कपाटात हायेत ते ध्यानात आलं. हात घातला. नाई भेटले."

काकांनी त्याच्या पाठीत एक गुद्दा मारला. जोर नव्हता त्यात. तसेच ते त्याच्या शेजारी खाली बसले.

मग त्यांनी मला विचारलं, "पोरानं लावली. मी तं नाई ना लावली. मंग मले काहून नाई भेटनार?"

हे सांगणं मला जड गेलं. पॉलिसी दोघांच्या नावावर होती. बायको गेल्यावर काकांनी घरावर मुलाचं नाव चढवलं आणि विमाही दोघांच्या नावानं घेतला. म्हणजे मुलगाही विमाधारक. विमाधारकानं जाणूनबुजून केलेलं नुकसान पॉलिसीतून वगळलेलं असतं.

"अन् तुमी शॉर्ट सर्किट लिहिलं तं?"

"मी जे पाहिलं तेच लिहीन, काका. खोटं लिहिलं तर तुम्हीही अडकाल."

"पोलिसात जाईन काय हे परकरन?"

"कंपनी काय करेल ते माझ्या हातात नाही."

त्यांनी मान हलवली. मी फोटो काढले, मापं घेतली. मुलगा तिथंच होता.

कंपनीनं दावा नाकारला. पोलिसात मात्र कोणी गेलं नाही. मुलगा हिवरखेडला मामाकडे राहायला गेला, असं कळलं.

पुढे उन्हाळ्यात काका मला अमरावतीला जुन्या टिनांच्या दुकानापाशी भेटले. छपरासाठी पत्रे बघत होते. मागच्या खोलीतच राहत होते, त्या तडकलेल्या भिंतीच्या आधारानं. मी म्हटलं, भिंत धोक्याची आहे, आधी ती पाडून घ्या. ते हो म्हणाले, पण लक्ष दुसरीकडेच होतं.

"एक इचारू काय, साहेब? पॉलिसीवर अन् घरावर नुसतं माहंच नाव असतं तं?"

मी खरं तेच सांगितलं.

"दुसऱ्या कोणी रागानं लावली असती, अगदी मुलानंही, आणि तुमची त्याला फूस नसती, तर बहुतेक मिळाले असते."

काकांनी एक पत्रा उचलून उन्हाकडे धरला. त्याला भोकं होती. त्यांनी तो बाजूला ठेवला.

"त्याचं नाव टाकाले मीच गेलो होतो," ते म्हणाले. "म्हनलं, आपलं म्हनून पोरगा जीव लावीन घराले."

मग ते दुकानदाराशी दुसऱ्या पत्र्याचा भाव करू लागले. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि निघालो.