समोरचा दिवा

कारखान्यात तिला सगळे घार म्हणत. झिलई केलेल्या पोलादी कड्या हातात फिरवून त्यांवरचे केसाएवढे ओरखडे शोधायचे, हे तिचं काम. तपासणीच्या टेबलावरची ती खुर्ची म्हणजे तिचा मान. डोळे गेले की पॅकिंगला, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

चाळिशी उलटली आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटू लागलं. घरी सुईत दोरा जाईना. नवरा म्हणाला, "घारीला मोतीबिंदू झाला की काय?" ती हसली, पण डॉक्टरकडे गेली नाही. चष्मा लागला तर खुर्ची जाईल, या भीतीनं तिनं सुपरवायझरला वेगळंच सांगितलं: उजेड कमी पडतोय.

माणूस भला. दुसऱ्याच दिवशी त्यानं टेबलासमोर, अगदी तिच्या तोंडापुढे, प्रखर उघडा दिवा लावून दिला. तिनं कौतुकही केलं.

तासाभरातच कडी आरशासारखी झाली. जिकडे फिरवावी तिकडे तो दिवाच आत दिसे, पांढराशुभ्र, आणि त्या पांढऱ्यात बारीक ओरखडा विरून जाई. मान वाकडी करून, कडी तिरकी धरून ती कशीबशी वाट काढी. दुपारनंतर डोळ्यांतून पाणी, कपाळात ठणका. पण बोलायचं कोणत्या तोंडानं? हात दाखवून अवलक्षण तिनंच ओढवून घेतलं होतं. मग ती अंदाजानं शिक्का मारू लागली.

गिऱ्हाइकाकडून माल परत आला. प्रत्येक खोक्यावर तिचाच शिक्का. सुपरवायझर ओरडला नाही. "उद्यापासून पॅकिंगला," एवढंच म्हणाला, आणि ते ओरडण्याहून जास्त लागलं.

नंतर सुरक्षा अधिकारी उजेड मोजायचं यंत्र घेऊन आला. यंत्रानं उजेड पुरेसा दाखवला. मग तो तिच्या खुर्चीत बसला, कडी उचलली आणि डोळे मिटून घेतले. त्यानं दिवा समोरून काढून बाजूला, खाली बसवला, त्यावर दुधी काच लावली. टेबलाच्या पांढऱ्या, चकचकीत पत्र्यावर काळपट, न चमकणारं रबर अंथरलं, आणि मध्ये मध्ये नजर लांब टाकून डोळ्यांना विसावा द्यायला सांगितलं.

त्या खुर्चीत आता तिची धाकटी जाऊ बसते.

जेवणाच्या सुट्टीत जाऊ म्हणाली, "ताई, उजेड असा डोळ्यांत जात होता, तर बोलायचं नाही का?"

"मीच मागितला होता तो दिवा," ती म्हणाली आणि डबा बंद केला.

जाऊ हात धुवायला गेली तेव्हा ती उगाच टेबलापाशी थांबली. एक कडी उचलून फिरवली. बाजूच्या उजेडात कडी काळसर दिसत होती, आणि तिच्यावर ओरखडा लख्ख चमकत होता, आंधळ्यालाही दिसावा असा.

तिनं कडी नाकारलेल्या मालाच्या ट्रेमध्ये ठेवली. पलीकडून कुणीतरी हाक मारली, "घारबाई, खोकी संपली, आणता का?"

ती खोकी आणायला गेली.