काडी न विझवणारे

त्या नोकरीत माझं काम काड्या पेटवायचं होतं. बालाघाटजवळच्या मँगनीजच्या खाणीत धुळीनं मजुरांच्या छातीवर काय परिणाम होतो, हे बघायला शहरातून एक डॉक्टर दर हिवाळ्यात यायचे. पहिल्या वर्षी त्यांनी मजुरांची यादी केली आणि तीच माणसं वर्षानुवर्षं तपासायचं ठरवलं. तपासणी सोपी होती. मी वीतभर अंतरावर पेटती काडी धरायची आणि मजुरानं ओठ न आवळता, उघड्या तोंडानं फुंकून ती विझवायची. ज्याला दम लागतो त्याची विझत नाही.

शिबिर टेकडीवरच्या ऑफिसात भरायचं, कारण खुर्च्या तिथं होत्या. वस्ती खाली होती. दुपारी तीनला घंटा व्हायची आणि तोवर जो आला नाही त्याच्या नावापुढे मी 'सापडला नाही' असं लिहायचो. असा माणूस सरासरीतून बाद. डॉक्टरांचा तसा नियम होता आणि नियम पाळण्यात मी भलताच हुशार होतो.

पहिल्या वर्षी बऱ्याच जणांच्या काड्या विझल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी कमी, तिसऱ्या वर्षी त्याहून कमी. चौथ्या वर्षी वर आलेल्या एकूण एक माणसानं काडी विझवली. एक पठ्ठ्या तर दरवर्षी नवा शर्ट घालून यायचा, त्यानं काडीबरोबर डॉक्टरांचे कागदही उडवले. डॉक्टर खूश झाले. "सब फर्स्टक्लास," म्हणाले, "इथली हवा यांना मानवते." मॅनेजर त्याहून खूश झाले. ड्रिल मशीनला पाणी जोडून धूळ बसवायची मागणी मजूर दोन वर्षं करत होते. मॅनेजर म्हणाले, अहवाल असा असेल तर पाण्याची गरजच काय? आमच्या रजिस्टरप्रमाणे चार वर्षांत कुणी मेलंही नव्हतं, कारण मेलेला माणूस काही टेकडी चढून सांगायला येत नाही.

मी मामाकडे राहत होतो. मामा ड्रिलवर होता आणि यादीतही होता. त्या संध्याकाळी जेवताना मी मोठ्या तोऱ्यात निकाल सांगितला. मामा भिंतीला टेकून बसला होता. तीन महिन्यांपासून तो तसाच बसून झोपायचा, आडवं झालं की त्याचा श्वास अडायचा. मामीनं विचारलं, यांचं काय लिहिलं? मी खरं ते सांगितलं.

मामी भाकरी थापायची थांबली. "तू रोज ह्या घरी जेवतं," ती म्हणाली, "अन् ह्यायले सापडले नाही म्हनून लिहितं?"

मी ताट बाजूला सारलं.

मग खिशातली पेटी काढून मी मामासमोर काडी धरली. त्यानं फुंकलं. ज्योत जरा हलली. पुन्हा फुंकलं, पुन्हा. काडी जळत माझ्या बोटांपर्यंत आली आणि मी ती टाकून दिली.

"लिही आता," मामा श्वास घेत घेत म्हणाला. "सापडलो म्हनून लिही."

दुसऱ्या दिवशी मी न सापडलेल्यांची नावं काढून त्यांचं पहिल्या वर्षाचं पान उघडलं. त्यातल्या बहुतेकांची काडी तेव्हाच विझली नव्हती. म्हणजे कुणी सुधारलं नव्हतं. ज्यांना दम लागत होता ते टेकडीच चढू शकले नव्हते, आणि आम्ही वर बसून, चढून आलेल्यांचीच सरासरी काढत होतो. मला माझीच लाज वाटली.

सुट्टी टाकून मी काड्यांची पेटी घेऊन फिरलो. परसवाड्याच्या बाजारात, बैहरच्या बसमध्ये, लोकांना विचारत. सगळेच काही आजारी नव्हते. एक राजेगावला शेती करत होता, त्यानं पहिल्याच फुंकेत काडी विझवली आणि वर चहा पाजला. काहींचा पत्ता लागलाच नाही, ते मी तसंच लिहिलं. पण बरेच जण खाटेवर सापडले आणि काही घरांत त्यांच्या बायकांनी मला फक्त रिकामी खाट दाखवली.

डॉक्टर माणूस प्रामाणिक होते. माझे कागद त्यांनी दोनदा वाचले, मग स्वतःचा पाठवलेला अहवाल परत मागवून घेतला आणि नवा लिहिला. ड्रिलला पाणी जोडलं गेलं. मॅनेजर माझ्याशी बोलायचे बंद झाले.

पुढच्या हिवाळ्यात शिबिर खाली वस्तीत भरलं. मामा त्याआधीच्या पावसाळ्यात गेला होता. रजिस्टरात त्याच्या नावापुढे दोनच रकाने होते, विझली आणि विझली नाही. मी पट्टी घेतली आणि गेलेल्यांसाठी तिसरा रकाना आखला.