मुदतवाढीचा मेल

गोंदियातल्या आमच्या छोट्या कार्यालयाला पुण्याच्या एका संस्थेनं गावतलावांच्या पाहणीचं काम दिलं होतं. कोणत्या गावांच्या मच्छीमार गटांना मत्स्यबीज द्यायचं, ते त्यावरून ठरणार होतं. अर्जुनी मोरगावकडच्या गावांची पाहणी केशोरीच्या एका ताईंकडे होती. त्यांचा स्वतःचा गटही त्या यादीत होता. पण त्यांनी केशोरी मुद्दाम शेवटी ठेवलं. "आपलंच गाव पयले केलं तं लोकं काय म्हनतीन जी?"

मग भाताची रोवणी लागली. ताईंचा फोन आला, "सर, मानसं सकाळपासून धानाच्या बांधीत जाऊन राहिले. घरी म्हातारे अन् कोंबड्या. कोनाले इचारू?"

मी लगेच मुदतवाढीचा मेल लिहिला. किती गावं झाली, रोवणीमुळे किती अडली, आणि उरलेल्यांची नवी तारीख. आमच्या संचालकांनी तो वाचला आणि चष्मा काढला. चष्मा काढल्यावर ते धोरण सांगतात.

"अरे भाई, तारखेच्या आधीच रडायचं? क्लायंटला वाटेल, हे कच्चे लोक आहेत."

"सर, रोवणी दरवर्षी येते. त्यांनाही कळेल."

"तेच तर! मग आपण वेळापत्रकात ती का नाही धरली, असं विचारतील ना."

प्रश्न बिनतोड होता. वेळापत्रक त्यांनीच, कामाचा करार होताना, चहा निवायच्या आत आखलं होतं. मेल मसुद्यांत पडून राहिला.

तो गेला शेवटच्या दिवशी, संचालकांच्या हातून सजून. रोवणीची 'अपरिहार्य क्षेत्रीय परिस्थिती' झाली होती. नव्या तारखा मात्र माझ्याच होत्या, आणि झालेल्या गावांची माहिती लगेच पाठवण्याची तयारीही.

संध्याकाळी पुण्याहून संस्थेच्या प्रकल्प अधिकारी बाईंचा फोन आला. "परिस्थिती म्हणजे नक्की काय?"

"भाताची रोवणी," मी म्हणालो.

"मग तसं लिहायचं ना! आणि आधी. मी निवडीची बैठक पुढे ढकलून घेतली असती. आता सगळे सदस्य उद्या येतायत." त्या रागावल्या नव्हत्या, हे जास्त लागलं. "झालेली गावं आज पाठवा, तीच मांडते. उरलेली पुढच्या वर्षी."

संचालक खूश झाले. "बघ, काम रद्द नाही झालं. भाषेचा फरक पडतो."

बैठकीत झालेल्या गावांची निवड झाल्यावर ताईंना फोन मीच केला. पलीकडे चिखलात पाय उचलल्याचा आवाज येत होता. रोवणीवर त्याही होत्या. मी सगळं सांगितलं, केशोरी आता पुढच्या वर्षी. मेल कधी लिहिला होता, तेही.

"मंग धाडला काऊन नाही?"

मी संचालकांचं म्हणणं सांगू लागलो, आणि ऐकताना मलाच ते इतकं पोकळ वाटलं की मध्येच थांबलो.

"राहू द्या," ताई म्हणाल्या. "बाकीच्या गावाइले तं भेटलं ना?"

भेटलं, मी म्हणालो. मग गटातल्या बायांना हे काय म्हणून सांगायचं, असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे त्याचा मसुदा नव्हता.